मराठी जाहिरातीतून गळणारे चौरस फूट

घरांच्या इंग्रजी जाहिराती मराठीत आणून तालुक्याच्या गावांत पोहोचवणे हा आता बिल्डरांच्या विक्रीचा नेहमीचा भाग झाला आहे. मराठी वाढली याचा आनंद मानावा, तर या मराठीतून नेमकी तीच माहिती गळते आहे जिच्यावर घर घेणाऱ्याचे लाखो रुपये अवलंबून असतात. हे वेळीच थांबले पाहिजे.

एक नमुना घेऊ. मूळ इंग्रजी जाहिरात सांगते: सेलेबल एरिया 920 चौरस फूट, रेरा कार्पेट 640, बाल्कनी 45, ओसी अजून यायची आहे, किंमत 36 लाख अधिक कर. मराठीत येताना तिचे होते: ‘920 चौरस फुटांचे प्रशस्त घर, ताब्यासाठी सज्ज, फक्त 36 लाखांत!’ वाचायला सुरेख. पण 920 या आकड्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटाही धरलेला आहे. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट म्हणजे काय ते ठरवून दिले आहे: घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची वगळून. त्यामुळे बाल्कनी मिळवून ‘कार्पेट 685’ लिहिणेही चूकच.

याचा फटका हिशेबात दिसतो. 920 ने भागले तर दर फुटाला सुमारे 3,913 रुपये पडतो. 640 ने भागले तर 5,625. आता त्याच गावातला दुसरा बिल्डर प्रामाणिकपणे लिहितो, ‘कार्पेट 680, किंमत 37 लाख’. त्याचा दर सुमारे 5,441 रुपये. म्हणजे त्याचे घर 40 फुटांनी मोठे आणि फुटामागे स्वस्त. तरी गिऱ्हाईक 920 च्या मागे जाते, कारण त्याला दोन्ही आकडे सारखेच ‘चौरस फूट’ वाटतात. खरे बोलणाऱ्याचेच नुकसान व्हावे, ही या जाहिरातींची सर्वांत वाईट बाजू आहे.

शुद्ध मराठीचा आग्रह धरला की अडचण सुटते असेही नाही. सरकारी कागदांत एफएसआयला ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. तो भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल त्याचा आकडा. घरातल्या जागेशी त्याचा थेट संबंध नाही. मग कार्पेटलाही ‘चटई क्षेत्र’ लिहिले की वाचणारा गोंधळणारच. त्यापेक्षा करारनाम्यात असलेला, लोकांच्या तोंडी बसलेला ‘कार्पेट’ हाच शब्द ठेवावा आणि त्यात काय धरले आहे ते एका वाक्यात सांगावे.

‘ताब्यासाठी सज्ज’ तर त्याहून धोक्याचे. रंग लागला, दारे बसली, किल्ली तयार आहे, याने इमारत राहण्यास मंजूर होत नाही. त्यासाठी नगरपालिकेचे किंवा संबंधित प्राधिकरणाचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, लागते. ती येण्याआधी घर विकले तर जीएसटी लागतो. आपल्या नमुन्यातले घर परवडणाऱ्या घरांच्या 1 टक्क्यात बसते, म्हणजे 36 हजार रुपये. मराठीतून ‘अधिक कर’ हे दोन शब्द गेले, आणि हा खर्च थेट व्यवहाराच्या टेबलावर पुढे आला.

कायदा आहे, हे खरे. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले तर रेराच्या कलम 12 नुसार भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर पैसे व्याजासह परत मिळतात. महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. पण 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही, आणि लहान गावांतल्या इमारती बऱ्याचदा एवढ्याच असतात. तिथे ना नोंदणी क्रमांक, ना कोड. घेणाऱ्याच्या हातात जाहिरातीची मराठीच उरते.

वरची जाहिरात मराठीत नीट लिहिणे मुळीच अवघड नाही: ‘कार्पेट 640 चौरस फूट, बाल्कनी वेगळी 45 चौरस फूट. ओसी अजून मिळालेली नाही. किंमत 36 लाख; जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी.’ यात एकही अवघड शब्द नाही आणि एकही आकडा लपलेला नाही.

वृत्तपत्रांनी आणि छापखान्यांनी कार्पेटचा आकडा आणि ओसीची स्थिती नसलेली घराची जाहिरात स्वीकारू नये. महारेराने मराठी मजकूर नोंदणीतल्या माहितीशी ताडून पाहावा. आणि वाचकहो, टोकन देण्याआधी कार्पेट आणि ओसी या दोन गोष्टी बिल्डरकडून लेखी घ्या. नोंदणी असलेल्या प्रकल्पात साठेखताची नोंदणी होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम तो तुमच्याकडून घेऊ शकत नाही.