‘पुरुषाला वय नसतं’ हा गोड गैरसमज

‘पुरुषाला कसलं आलंय वय? साठीतही बाप होता येतं!’ सांगलीच्या गावागावांत हे ऐकू येतं. शेती करणाऱ्या मुलांची लग्नं आता चाळिशीला टेकतात. वर्षभरात पाळणा हलला नाही, की तपासण्या मात्र पंचविशीतल्या सुनेच्याच! नवऱ्याचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, की त्याचा विषय संपला.

पण तो रिपोर्ट सांगतो काय? शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार. आतल्या डीएनएबद्दल तो काहीच सांगत नाही. स्त्रीबीजं जन्माआधीच तयार असतात. शुक्राणू रोज नवे बनतात. त्यासाठी मूळ पेशी वर्षाला साधारण २३ वेळा विभागते. दर वेळी डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. आइसलँडमधल्या २०१२ च्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे बाळात सुमारे २ नवे बदल जास्त आढळले. म्हणजे २५ ऐवजी ४५ व्या वर्षी बाप झाल्यास सुमारे ४० जास्त.

यातले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, त्यामुळे घाबरू नका. पण गर्भपात, ऑटिझम आणि हातपाय आखूड राहणारा अकॉन्ड्रोप्लेजिया यांचा धोका थोडा वाढतो.

तंबाखू सोडल्यास तीनेक महिन्यांत शुक्राणू सुधारू शकतात. वयामुळे साचलेल्या चुका मात्र पुसल्या जात नाहीत. म्हणून सुनेला दोष देण्याआधी नवऱ्याची तपासणी करा, आणि डॉक्टरांना त्याचं खरं वय सांगा.