‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ कोणाच्या भाषेत?

बडोद्याच्या निजामपुऱ्यातला मराठी दुचाकीस्वार गॅरेजवाल्याला ‘गाडी चालू थती नथी’ असे सांगतो. घरी मात्र तो म्हणतो, ‘किका मारून पाय दुखला, तरी गाडी सुरू होईना.’ मोबाईलवर उपाय शोधताना तो हेच शब्द टंकतो किंवा बोलतो. आपले मराठी चित्रफीतकार मात्र शीर्षक देतात: ‘Bike Starting Problem 100% Solution’. शिक्षण मराठीत आणि पाटी परकी! असली चित्रफीत मराठी माणसाला सापडली, तर तो योगायोगच समजावा.

भाषेइतकीच गंभीर चूक गाडीच्या नावात होते. केवळ ‘स्प्लेंडर’ म्हणणे पुरेसे नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानक लागू झाले आणि स्प्लेंडर प्लसचा कार्बोरेटर जाऊन तेथे फ्युएल इंजेक्शन आले. जुन्या गाडीचा मालक थंडीत चोक ओढतो. नव्या गाडीला ओढायला चोकच नाही. तेथे चावी फिरवल्यावर दिव्याकडे पाहावे लागते. इंजिन सुरू झाल्यावरही तो पिवळा दिवा विझला नाही, तर यंत्रणेत दोष आहे. बॅटरी फार उतरली असेल, तर नुसत्या किकांनीही काम भागेलच असे नाही. तक्रार तीच, ‘सकाळी सुरू होत नाही’; उपाय मात्र वेगळा. मानक न लिहिणारा चित्रफीतकार नव्या गाडीच्या मालकाला नसलेला कार्बोरेटर शोधायला लावतो.

म्हणून शीर्षक असे असावे:

```
Splendor Plus BS6: सकाळी गाडी सुरू होत नाही, पिवळा दिवा विझत नाही
```

गाडीचे नाव रोमन लिपीत असण्यास माझी हरकत नाही. गाडीवर ते तसेच लिहिलेले असते. यूट्यूब शीर्षकाला शंभर अक्षरे देते, तेवढ्यात हे आरामात बसते. ‘पिकअप धरत नाही’, ‘झटके मारते’, ‘मिसिंग करते’ ही प्रेक्षकांची वाक्ये वर्णनाच्या पहिल्या ओळींत यावीत, मात्र चित्रफितीत त्या दोषाची खरोखर चर्चा असेल तरच. टॅगांत ती कोंबून फारसे साधत नाही. टॅगांचा शोधातला वाटा अल्प असल्याचे यूट्यूबच सांगते.

आता आमच्याच पक्षातील शुद्धिवाद्यांविषयी. ‘प्रज्वलनदोष’ लिहून मराठी वाचत नाही, कारण तो शब्द कोणीही शोधत नाही. ‘मिसिंग’ हा आज गॅरेजमधला मराठी शब्द आहे.

सर्व्हिसच्या अंतराबाबतही अर्धवटपणा चालतो. पुस्तिका किलोमीटर आणि दिवस दोन्ही देते व ‘जे आधी होईल ते’ म्हणते. वर्णनात मात्र किलोमीटरच उरतात. निजामपुऱ्यातून बाजारापुरतीच गाडी काढणाऱ्याचे दिवस आधी भरतात, किलोमीटर नव्हे. दोन्ही आकडे, आणि कोणत्या वर्षीच्या पुस्तिकेतून घेतले ते, वर्णनात लिहा.