अंगठा दाखवण्याआधी चॅट वाचा

तुळशीचं लग्न लागलं की वसई-विरारमधल्या चांगल्या फोटोग्राफरच्या तारखा भराभर जातात. नाताळ सरला की ख्रिस्ती लग्नांचीही त्यात भर पडते. मग बुकिंग व्हॉट्सॲपवर, घाईघाईत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून अवैध ठरत नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात नसतं.

नमुन्यादाखल असा मेसेज घ्या: ‘पॅकेज 60 हजार. 50% ॲडव्हान्स, नॉन-रिफंडेबल. बाकी फंक्शनच्या दिवशी. अल्बम 45 दिवसांत. करेक्शन फ्री. फोटो पेजवर टाकू.’ वधूपक्षाकडून उत्तर एकच, उंचावलेला अंगठा.

सगळ्यांची नजर ‘नॉन-रिफंडेबल’वर अडते. खरी गोम पुढच्या वाक्यात आहे. लग्नाच्या दिवशी साठच्या साठ हजार फोटोग्राफरकडे जमा होतात आणि अल्बम अजून कुणी पाहिलेलाही नसतो. 30 हजार आधी, 20 लग्नाच्या दिवशी, 10 अल्बम हातात आल्यावर, असं ठरवायला हवं. रद्द झाल्यास तारखेच्या किती आधी किती कापणार आणि फोटोग्राफरच आला नाही तर काय, हेही तिथेच विचारावं. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. तीच तारीख दुसऱ्याला दिली गेली, तर सगळी रक्कम ठेवून घेणं सहज टिकणारं नाही.

‘45 दिवस’ कधीपासून? फोटोग्राफर बहुधा फोटो निवडून दिल्यापासून मोजतो, घरचे लग्नापासून. दोन हजारांतून दीडशे फोटो निवडताना आत्या-मावश्यांची मतं घेण्यातच तीन महिने जातात, आणि तो उशीर फोटोग्राफरचा नव्हे. म्हणून तारखा दोन हव्यात: सगळे फोटो कधी मिळणार आणि निवडीनंतर अल्बम किती दिवसांत.

‘करेक्शन फ्री’मध्ये रंग-उजेड येतो, मागून डोकावणारा वेटर पुसणं कदाचित येत नाही. किती फेऱ्या, आणि छपाईनंतर पान बदलल्यास खर्च कोणाचा, एवढं लिहून घेतलं की पुरे.

शेवटचं वाक्य सर्वांत महागडं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच. म्हणजे चॅट गप्प असेल तर पारडं ग्राहकाकडे झुकतं. ‘पेजवर टाकू’ला अंगठा दाखवला, की ती परवानगी होती असं म्हणायला फोटोग्राफरला जागा मिळते. परवानगी द्यायला हरकत नाही, पण मोजकी: आम्ही निवडलेले दहा फोटो, लहान मुलं नकोत, जाहिरातीत वापर नको. मालकी असली तरी रॉ फाइल्स आपोआप मिळतीलच असं नाही. हव्या असतील तर पॅकेजमध्येच मागाव्यात.

वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते. तोवर चॅट शाबूत हवा. ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ सुरू असेल, तर ते बुकिंगचं बोलणं सुरू करण्याआधीच बंद करावं.