चंद्राचं खळं 'लांब' की 'जवळ'? दोरी घेऊन मोजूया!

शिक्षक मित्रांनो, चंद्राभोवती खळं दिसलं की घरात म्हणतात, "खळं लांब तर पाऊस जवळ." दुसऱ्या दिवशी मुलं हेच वर्गात सांगतात. आपण एक तर "अंधश्रद्धा" म्हणून गप्प करतो, नाही तर मान डोलावतो. माझ्या मते दोन्ही चूक. मुलांना मोजायला लावावं.

सातपाटीच्या मुलांना बर्फ माहीत आहे तो पापलेटच्या पेटीतला. "एवढ्या उकाड्यात आकाशात बर्फ कुठून?" हा त्यांचा पहिला प्रश्न. खाली कितीही उकाडा असला, तरी सहा-सात किलोमीटरच्या वर हवा गोठणबिंदूच्या बरीच खाली असते. तिथल्या पातळ, पांढुरक्या ढगांत बर्फाचे सहा बाजूंचे बारीक स्फटिक असतात, न तासलेल्या पेन्सिलीसारखे.

आता तीच पेन्सिल हातात घ्या. प्रकाश एका बाजूतून शिरून समोरच्या समांतर बाजूतून निघाला, तर त्याची दिशा बदलत नाही. लगतच्या बाजूशी १२०° चा कोन होतो, तिथून तो बाहेरच पडू शकत नाही, आत परावर्तित होतो. उरते एक सोडून पुढची बाजू. या दोन बाजू वाढवल्या तर ६०° वर मिळतात, म्हणजे झाला ६०° चा लोलक!

बर्फाचा अपवर्तनांक १.३१. लोलकाच्या सूत्राने किमान विचलन काढू: १.३१ × sin ३०° = ०.६५५, हा सुमारे ४०.९° चा sin. त्याची दुप्पट ८१.८°, त्यातून ६०° वजा केले की उरतात जवळपास २२°.

पण स्फटिक तर कसेही फिरलेले असतात, मग कडं एकाच जागी का? किरण ३५° ने आत शिरला तर विचलन सुमारे २२.२°, ५०° ने शिरला तर २२.५°. कोन इतका बदलूनही विचलन जेमतेम हलतं, म्हणून प्रकाश २२° पाशी गोळा होतो. त्याहून कमी वळतच नाही, म्हणून कड्याच्या आतलं आकाश काळसर दिसतं.

मोजायचं असं: ५० सेंटीमीटर दोरीचं एक टोक डोळ्याजवळ (डोळ्याला लावू नये), दुसऱ्या टोकाला पट्टी आडवी. शून्यावर चंद्र धरला की कड्याची आतली कड २० सेंटीमीटरच्या आसपास येते. दरवेळी तेवढीच! चंद्राला चिकटलेलं, पट्टीवर चार-पाच सेंटीमीटरच भरणारं रंगीत वलय दिसलं, तर ते बर्फाचं नव्हे, ढगातल्या पाण्याच्या थेंबांचं.

म्हणजे 'लांबचं' आणि 'जवळचं' खळं ही एकाच खळ्याची दोन मापं नाहीत, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या माणसांनी फरक बरोबर टिपला होता. उंच ढगांमागून कधी कधी पाऊस येतोही, पण नेहमी नाही. तेव्हा मुलांना वहीत तारीख, माप आणि पुढच्या दोन दिवसांचं हवामान लिहू द्या. म्हण किती वेळा खरी ठरली, ते त्यांनीच घरी सांगावं.