बेलवलकरांची इस्टेट कोणाची?

एकांकिका स्पर्धांचा मोसम जवळ आला की नाशिकच्या कॉलेजांमधल्या पोरांच्या तोंडी एक तक्रार हमखास येते: 'आमची कल्पना ढापली.' तालमीच्या खोलीत, कट्ट्यावर, निकालानंतर तर जरा जास्तच. आणि दरवेळी मला दिसतं ते असं की, ज्याने खरोखर उचललंय तो निर्धास्त असतो आणि ज्याने काहीच उचललेलं नाही तो घाबरून वकील शोधत फिरतो. कॉपीराइटचा कायदा काय राखतो आणि काय मोकळं सोडतो, याबद्दलचा घोळ याच्या मुळाशी आहे. तो सोडवायला नाशिककरांच्या हाताशी एक नाटक आहे, 'नटसम्राट'.

वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक डिसेंबर 1970 मध्ये रंगमंचावर आलं, गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी त्याचं नातं आहे हे कोणी लपवलेलं नाही. बाप जिवंतपणी सगळं मुलांना वाटून टाकतो आणि मग त्यांच्याच दारात परका होतो, हा सांगाडा लिअरचा. मग शिरवाडकरांचं त्यात काय? हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारतो, तेव्हा दोन उत्तरं येतात. एक गट म्हणतो, संवाद तेवढे त्यांचे, बाकी शेक्सपिअरचं. दुसरा म्हणतो, म्हाताऱ्या बापाच्या उपेक्षेवर आता मराठीत कोणी नाटक लिहायचंच नाही, तो विषय त्यांचा झाला. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत.

नाटकाचं वर्णन हळूहळू बारीक करत जाऊ. 'म्हातारपणी मुलं विचारत नाहीत.' यावर कोणाचाच हक्क नाही. 1954 चा 'ऊन पाऊस' आणि 2003 चा 'बागबान' हे दोन्ही सिनेमे याच जमिनीवर उभे आहेत. 'बाप आपण होऊन सगळं देऊन टाकतो आणि बेघर होतो.' हेही मोकळं. 'तो बाप निवृत्त नट आहे.' माझ्या मते इथपर्यंतही मोकळंच, कारण नट म्हातारे होतातच आणि त्यांनाही मुलं असतात. पण पुढे चला. आधी मुलाचं घर, तिथे आजोबांमुळे नात बिघडते म्हणून सुनेची कुरकुर. मग लेकीचं घर, तिथे चोरीचा आळ. बायकोला 'सरकार' म्हणणारा नवरा. रस्त्यावर भेटलेला बूटपॉलिशवाला राजा. आणि बोलता बोलता जुन्या भूमिका अंगात येऊन माणूस आणि नट यांतली सीमा पुसली जाणं. ही पात्रं, हा क्रम, ही गुंफण आली की आपण कल्पनेच्या प्रदेशातून अभिव्यक्तीच्या प्रदेशात शिरलो. अजून एकही संवाद आपण उचललेला नाही, हे लक्षात घ्या.

विद्यार्थ्यांची पहिली गल्लत इथेच होते. त्यांना वाटतं, कायद्याची रेघ शब्दांपाशी आहे: शब्द माझे तर कृती माझी. ती रेघ शब्दांच्या बरीच अलीकडे असते, तपशील दाट होऊ लागतो तिथे कुठेतरी. 'कुठेतरी' म्हणतोय, कारण ती नेमकी कुठे हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 'कल्पनेला संरक्षण नाही' असं सरळ वाक्यसुद्धा सापडत नाही. ते तत्त्व न्यायालयांनी रुजवलं, आणि त्यातला सर्वात महत्त्वाचा निकालही एका नाटकावरूनच झाला.

आर. जी. आनंद यांनी 1953 मध्ये 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक लिहिलं. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांतली मुलं प्रेमात पडतात, घरचे प्रांताच्या अभिमानापायी आडवे येतात, असा विषय. सिनेमा निघावा म्हणून त्यांनी ते दिग्दर्शक मोहन सेहगल यांना ऐकवलं. पुढे काही कळलं नाही. 1956 मध्ये सेहगल यांचा 'न्यू दिल्ली' आला, किशोरकुमार आणि वैजयंतीमाला यांचा. त्यातही पंजाबी मुलगा, मद्रासी मुलगी आणि प्रांतवाद. आनंद कोर्टात गेले, खालच्या कोर्टात हरले, उच्च न्यायालयात हरले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले.

विद्यार्थी हा निकाल वाचतात आणि संतापतात: 'त्याने तर ऐकवलं होतं!' त्यांचा संताप मला समजतो. पण न्यायालयाने दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहिल्या. नाटकात प्रांतवाद फक्त लग्नाच्या आड येतो. सिनेमात तो भाड्याच्या खोलीपासून सुरू होतो; पंजाबी म्हणून खोली मिळेना, तर नायक मद्रासी बनून राहतो. शिवाय हुंड्याचा प्रश्न सिनेमात ठळक आहे, नाटकात नाही. विषय एक, बांधणी वेगळी. कसोटी अशी ठरली की दोन्ही पाहिलेल्या साध्या प्रेक्षकाला 'ही तर त्याचीच नक्कल' असं निःसंशय वाटलं पाहिजे. साम्याच्या चार खुणा दाखवून भागत नाही. 'वीस टक्के बदललं की चालतं' ही कॉलेजमध्ये फिरणारी अफवा कुठून आली कोण जाणे. कायद्यात असा कुठलाही टक्का नाही.

आता हीच कसोटी दोन कल्पित पोरांना लावू. समजा, सिन्नरकडच्या एका मुलाने एकांकिका लिहिली: तमाशातला म्हातारा सोंगाड्या फड मोडल्यावर जमीन मुलाच्या नावावर करतो, आणि मुलगा त्याच जमिनीवर लॉन्स काढून लग्नाच्या वरातीत बापाला नाचायला लावतो. मित्र म्हणतात, हा तर 'नटसम्राट'. मुलगा रात्र रात्र झोपत नाही. त्याने निवांत झोपावं. निवृत्त कलावंत आणि कृतघ्न मुलगा एवढंच साम्य आहे, आणि तेवढं सर्वांचं आहे.

दुसरा मुलगा सटाण्याचा. त्याने 'नटसम्राट' अहिराणीत आणलं. नावं बदलली, मुंबईपुण्याऐवजी बागलाण आला, संवादातला एकही मराठी शब्द जसाच्या तसा उरला नाही. हा मुलगा एकदम निर्धास्त, कारण 'सगळे शब्द माझे आहेत सर!' आणि पोस्टरवर 'तात्यासाहेबांना अभिवादन' असंही छापलंय. परवानगी घेतली नसेल तर हाच अडचणीत आहे. भाषांतर आणि रूपांतर करण्याचा हक्क कायद्याने मूळ लेखकालाच दिलेला आहे. अभिवादनाने तो मिळत नाही. श्रेय न देणं ही वाङ्मयचौर्याची गोष्ट झाली. परवानगी न घेणं ही कॉपीराइटची. एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही. तात्यासाहेब, म्हणजे शिरवाडकर, 1999 मध्ये गेले. मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं मोजली की 2059 अखेरपर्यंत हा हक्क त्यांच्या वारसदारांकडे, किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे राहतो.

मग मुलगा म्हणतो, ठीक आहे, मी थेट लिअरवरून करतो, शेक्सपिअरला कोण विचारतंय? बरोबर. पण इंग्रजी अवघड जातं म्हणून तो विंदा करंदीकरांचं 'राजा लिअर' उघडतो आणि त्यातली स्वगतं घेतो. पुन्हा फसला. लिअर सर्वांचा, पण विंदांचं मराठी विंदांचं. विंदा 2010 मध्ये गेले, म्हणजे तो हक्क 2070 अखेरपर्यंत.

इतिहासाच्या बाबतीतही हाच सापळा आहे, आणि तिथे चांगले चांगले अडकतात. संभाजी महाराजांचं चरित्र कोणाच्या मालकीचं नाही. कोणीही त्यावर लिहावं. पण कादंबरीकाराने रचलेला प्रसंग, त्याने कल्पिलेलं संभाषण हा इतिहास नसतो. 'छावा' हा 2025 चा हिंदी सिनेमा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारित आहे असं श्रेयनामावलीत सांगितलं जातं, ते उगाच नाही. कादंबऱ्या वाचूनच इतिहास शिकलेल्या आपल्या पिढ्यांना कुठला प्रसंग बखरीतला आणि कुठला लेखकाच्या डोक्यातला, हे बऱ्याचदा माहीतच नसतं. लिहिण्याआधी तेवढं तपासून घ्यावं.

शीर्षकाचं काय, हेही विचारलं जातं. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये 'देसी बॉइज'च्या खटल्यात ते स्पष्ट केलं. ट्रेडमार्कचा मुद्दा निराळा.

गॅदरिंगला बेलवलकरांचं स्वगत म्हणायलाही परवानगी लागते का? शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनीच प्रयोग केला, आणि प्रेक्षकही विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असले, तर कायदा सूट देतो. तोच प्रयोग कालिदास कलामंदिरात तिकीट लावून केला की सूट संपली. स्पर्धेचे आयोजक प्रवेशिकेसोबत लेखकाचं परवानगीपत्र मागतात, ते म्हणूनच. पुष्कळ संघ ते शेवटच्या दिवशी धावपळ करून मिळवतात, काही जण 'लेखक अज्ञात' लिहून मोकळे होतात. लेखक बहुतेक वेळा अज्ञात नसतो, फक्त त्याचा नंबर शोधायचा कंटाळा आलेला असतो.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. कल्पना मोकळी असेल, तर ज्याने खरंच नवी कल्पना निर्मात्याला विश्वासाने सांगितली त्याला काहीच आधार नाही का? आहे, पण तो कॉपीराइटच्या कायद्यात नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट परस्पर वापरू नये, हे गोपनीयतेचं वेगळं तत्त्व आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये झी टेलिफिल्म्स आणि सनडायल कम्युनिकेशन्स यांच्या वादात सनडायलने ऐकवलेल्या मालिकेच्या संकल्पनेला हाच आधार दिला. त्या संकल्पनेवर पुरेसं काम झालेलं होतं आणि ती ठरावीक परिस्थितीत गोपनीय म्हणून सांगितली गेली होती.

पण 2021 मध्ये त्याच न्यायालयात 'झोंबिवली' या मराठी सिनेमाविरुद्ध गेलेल्या लेखकाला प्रदर्शन थांबवता आलं नाही. झॉम्बी कोणाच्याच मालकीचे नाहीत. आणि गोपनीयतेचा दावा करायचा, तर त्यातलं आपलं नेमकं काय होतं हे बोट ठेवून दाखवावं लागतं. तोंडी ऐकवलेल्या गोष्टीवर बोट ठेवणार कसं? म्हणून निर्मात्याला भेटायच्या आधी चार पानं लिहून ईमेलने पाठवा, 'हे गोपनीय आहे आणि फक्त आपल्या विचारार्थ आहे' एवढं वाक्य त्यात घाला, आणि भेट झाली की त्याच संध्याकाळी काय बोलणं झालं याचा दुसरा ईमेल टाका. आनंद यांनी नाटक ऐकवलं तेव्हा ईमेल नव्हता. आज कॉलेजातल्या मुलाच्या खिशात तो असतो, तरी तो स्क्रिप्ट टपरीवर चहा पिता पिता सांगून येतो.