पासबुकातलं सगळं ‘नावे’ म्हणजे खर्च नव्हे

मी राहतो कळंबोलीत, भातशेती गावाकडे; घर आणि शेती एकाच खात्यावर. एप्रिल ते सप्टेंबरचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवलं, तर ‘नावे’ रकान्याची बेरीज आली शून्य! स्वल्पविरामामुळे आकडे मजकूर म्हणून बसले होते. ते काढले, तेव्हा २,८४,००० दिसले.

घरचे हबकलेच. पण त्यात १,००,००० पीककर्जाचं मुद्दल फेडलेलं आणि ४०,००० माझ्याच दुसऱ्या खात्यात वळवलेले. हा खर्च नव्हेच. उरले १,४४,०००: घर ६२,०००, शेती ३६,००० आणि एटीएममधून काढलेले ४६,०००.

माझं मत असं, की ही रोख सरसकट ‘घरखर्चा’त ढकलू नका. त्यात भाजी असते तशी लावणीची मजुरीही असते. तिला वेगळा रकाना द्या आणि पैसे काढले त्याच दिवशी कशाला ते वहीत लिहा. माझ्या जवळजवळ एक तृतीयांश खर्चाला नावच नव्हतं; मग बाकीचे रकाने कितीही नीट भरले तरी हिशेब लंगडाच.

आणि वर्गवारीआधी ताळा बघा: सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा नावे, म्हणजे अखेरची शिल्लक. जुळत नसेल तर एखादी ओळ सुटलीय किंवा दोनदा आलीय.