शिकवणीच्या तासाचे मोल

मालाचा भाव ठरवताना व्यापारी खरेदीबरोबर हमाली आणि गाडीभाडेही धरतो. घरी येऊन शिकवणाऱ्याचे शुल्कही तसेच ठरावे. समजा, बीडमधील एक शिक्षिका सुभाष रोडवरील एका घरी नववीचे गणित शिकवते. शिकवणी एक तासाची. परंतु जाण्यायेण्यास अर्धा तास आणि तयारीस अर्धा तास लागतो. पेट्रोल बाजूस ठेवले, तरी तिचे दोन तास खर्ची पडतात. श्रमाचे तासाला १५० रुपये धरल्यास शुल्क ३०० होते.

इतर शिक्षक २०० घेतात, म्हणून तिने तेवढेच मान्य केले, तर तिच्या पदरी तासाला १०० पडतात आणि वर्षाच्या मध्यावर शिकवणी सुटण्याची भीती राहते. त्या शिक्षकांकडे मुले स्वतः जात असतील, तर प्रवास वगळून २२५ शी तुलना करावी.

शेजारची त्याच इयत्तेची दोन मुले सोबत बसली, तर प्रवास व तयारी तेवढीच राहते. वह्या तपासण्यास वीस मिनिटे वाढतात. एकूण ३५० रुपये तिघांत विभागता प्रत्येकी सुमारे ११७ येतात. इयत्ता भिन्न असल्यास मात्र तयारी वाढते आणि प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ तुटतो. तेथे हा हिशेब लागू पडत नाही.